‘रिव्हर्ट बॅक’, ‘प्रीपोन’ आणि मीटिंगची तारीख बदलणारी मेल

प्रश्न: मी वेर्ण्याला एका औषध कंपनीत पॅकेजिंग विभागात आहे. प्राथमिक शाळा मराठी, पुढचं सगळं इंग्रजी. आमचे काही ग्राहक पोर्तुगालचे आहेत, त्यांना रोज मेल लिहावी लागते. परवा साहेबांनी माझ्या मेलमधले ‘रिव्हर्ट बॅक’ आणि ‘प्रीपोन’ खोडले, पण का ते सांगितलं नाही. हे शब्द तर सगळेच लिहितात. चूक नेमकी काय आहे, आणि हाताला लागलेली ही सवय मोडायची कशी?

उत्तर:

साहेबांनी दोन्ही शब्दांवर एकच रेघ मारली असली, तरी दोन्हींचं दुखणं वेगळं आहे. ‘रिव्हर्ट बॅक’ हा प्रयोग कुठेही लिहिला तरी बिघडलेलाच आहे. ‘प्रीपोन’ मात्र चूक नाही, तो फक्त भारताबाहेर फारसा चालत नाही. त्यामुळे पहिला हातातून काढूनच टाकायचा आहे आणि दुसरा कोणाला लिहायचा, कोणाला नाही, एवढंच ठरवायचं आहे.

आधी ‘रिव्हर्ट’ घेऊ. हा शब्द लॅटिनमधून आला. त्यातला ‘रि’ म्हणजे मागे किंवा परत, आणि उरलेल्या भागाचा अर्थ वळणे. म्हणजे ‘परत’ हा अर्थ शब्दाच्या पोटातच आहे. त्याला वर ‘बॅक’ जोडणं म्हणजे ‘पिवळा पीतांबर’ म्हणण्यासारखं आहे. ‘रिटर्न बॅक’, ‘रिप्लाय बॅक’, ‘रिपीट अगेन’ हे सगळे याच घरातले. साहेबांच्या धाकाने पुष्कळजण ‘रिव्हर्ट’ काढतात आणि ‘रिप्लाय बॅक’ लिहू लागतात. शब्द बदलतो, चूक तिथेच राहते. ‘बॅक’ शोभतो तो ज्या क्रियापदात ‘परत’ हा अर्थ आधीपासून नाही तिथे: कॉल बॅक, राइट बॅक, सेंड बॅक, गेट बॅक टू यू. ही सगळी बरोबर.

पण ‘बॅक’ काढून टाकलं तरी अर्थाचा प्रश्न उरतोच. ‘रिव्हर्ट’चा जगभर समजला जाणारा अर्थ ‘पूर्वीच्या स्थितीला परत जाणे’ असा आहे. भाडेपट्टा संपला की जमीन मूळ मालकाकडे ‘रिव्हर्ट’ होते. संगणकावरच्या फाइलची नवी आवृत्ती बिघडली की जुन्या आवृत्तीला ‘रिव्हर्ट’ करतात. ‘उत्तर देणे’ हा अर्थ भारतात आणि आग्नेय आशियातल्या इंग्रजीत रुजला आहे. शब्दकोशांनीही त्याची नोंद घेतली आहे, पण ती प्रादेशिक वापर म्हणून. म्हणून पाटो-पणजीच्या ऑफिसने मुंबईच्या ऑफिसला ‘प्लीज रिव्हर्ट’ लिहिलं तर कोणाचंच काही अडत नाही. लिस्बनला लिहिलं तर अडू शकतं, कारण पोर्तुगीज भाषेत ‘रेव्हेर्तेर’ हे क्रियापद आहे आणि त्याचा अर्थ उलटवणे, पूर्ववत करणे असा होतो. तुमचा वाचक इंग्रजी वाचताना आपल्या भाषेतला तो जवळचा शब्द मनात आणणार, हे धरून चाला.

तुमच्याच विभागातलं उदाहरण घ्या. ग्राहकाने विचारलंय, जुन्या लेबलाचं काय करायचं? तुम्ही लिहिता, ‘वुई विल रिव्हर्ट ऑन द ओल्ड लेबल’. तुमच्या मनात आहे, ‘जुन्या लेबलाबद्दल आम्ही कळवतो’. वाचणाऱ्याने घाईत ‘ऑन’कडे दुर्लक्ष केलं, तर त्याला कळतं, ‘आम्ही जुन्या लेबलाकडे परत जातो आहोत’. नव्या कार्टनची छपाई थांबवा, असा निरोप त्याच्या छापखान्यात पोचायला मग एक फोन पुरतो. ‘ऑन’ आणि ‘टू’ या दोन अक्षरी शब्दांवर लाखाचं काम लटकवून ठेवायचं नसतं.

एक अपवाद गोव्यात राहणाऱ्यांनी मुद्दाम लक्षात ठेवावा. जहाज-वाहतुकीच्या धंद्यात, दलाल आणि एजंट यांच्या पत्रव्यवहारात, ‘रिव्हर्ट’ हा शब्द ‘उत्तर कळवणे’ या अर्थाने भारताबाहेरही सर्रास चालतो. मुरगाव बंदरातल्या शिपिंग एजंटाची मेल आली आणि तिच्यात ‘प्लीज रिव्हर्ट’ असेल, तर ती त्या धंद्याची बोली आहे. तिथे खोडाखोड करू नये. मात्र ‘रिव्हर्ट बॅक’ तिथेही नको.

आता त्याऐवजी काय लिहायचं? नुसतं ‘रिव्हर्ट’च्या जागी ‘रिप्लाय’ बसवलं तर व्याकरण सुधारतं, मेल सुधारत नाही. याचं कारण असं की ‘रिव्हर्ट’ हा शब्द आपण चार वेगवेगळ्या मागण्यांवर पांघरूण म्हणून घालतो. कधी आपल्याला एखादी फाइल हवी असते, कधी होकार हवा असतो, कधी मंजुरी, आणि कधी खरोखरच एखाद्या प्रश्नाचं उत्तर. मराठीत बोलताना आपण हे वेगवेगळंच बोलतो: ‘फाइल पाठवा’, ‘चालेल का ते सांगा’, ‘मंजुरी द्या’, ‘एवढं कळवा’. इंग्रजीत शिरलो की चौघांचं ‘रिव्हर्ट’ होतं आणि वाचणाऱ्याला कळत नाही की आपण नेमकं काय करायचं. म्हणून खोडताना स्वतःला मराठीत विचारा, ‘मला त्याच्याकडून काय हवंय?’ पाठवायला हवं असेल तर ‘सेंड’, नक्की करायला हवं असेल तर ‘कन्फर्म’, मंजुरी हवी असेल तर ‘अप्रूव्ह’, उत्तर हवं असेल तर ‘रिप्लाय’ किंवा ‘लेट अस नो’. आणि जेव्हा तुम्हीच नंतर कळवणार असता, ‘चौकशी करून सांगते’ असं म्हणायचं असतं, तेव्हा ‘आय विल चेक अँड लेट यू नो’, आणि त्यापुढे दिवस.

‘रिप्लाय’ लिहायची वेळ आलीच, तर ‘रिप्लाय टू अस’, ‘रिप्लाय टू धिस मेल’. ‘रिप्लाय अस’ किंवा ‘रिप्लाय मी’ नाही. ‘मला उत्तर द्या’मधला ‘ला’ इंग्रजीत ‘टू’ होऊन यावा लागतो, तो आपण गाळतो. गंमत म्हणजे जिथे तो नको तिथे नेमका घालतो: ‘आन्सर टू माय मेल’. ‘आन्सर’ क्रियापद असेल तर त्याला ‘टू’ लागत नाही.

मग येतो दिवस, आणि दिवसाबरोबर ‘पर्यंत’. माझ्या मते ‘रिव्हर्ट बॅक’पेक्षा ही चूक जास्त महागात पडते, आणि तिच्याकडे कोणाचं लक्षच जात नाही. मराठीत ‘गुरुवारपर्यंत कळवा’ आणि ‘गुरुवारपर्यंत थांबा’ या दोन्हींत एकच ‘पर्यंत’ आहे. इंग्रजीत मात्र त्याच्या दोन वाटा होतात. एखादी गोष्ट त्या मुदतीच्या आत एकदाच घडायची असेल तर ‘बाय’, आणि ती त्या मुदतीपर्यंत चालू राहायची असेल तर ‘टिल’ किंवा ‘अन्टिल’. कळवणं हे एकदाच घडतं, म्हणून ‘बाय थर्सडे’. थांबणं चालू राहतं, म्हणून ‘वेट टिल थर्सडे’. ‘रिव्हर्ट बॅक टिल थर्सडे’ असं लिहिलं की काटेकोर वाचकाला वाटतं, गुरुवारपर्यंत सतत उत्तरं द्यायची आहेत की काय. ओळखायची खूण सोपी आहे. मराठी वाक्यात ‘पर्यंत’च्या जागी ‘च्या आत’ बसवून बघा. ‘गुरुवारच्या आत कळवा’ चालतं, म्हणजे ‘बाय’. ‘गुरुवारच्या आत थांबा’ चालत नाही, म्हणजे ‘टिल’.

आता ‘प्रीपोन’. ‘पोस्टपोन’ म्हणजे लॅटिनप्रमाणे ‘नंतर ठेवणे’. त्याच सांध्याने ‘आधी ठेवणे’ या अर्थी ‘प्रीपोन’ अगदी नियमात बसतो. ऑक्सफर्डसारखे कोशही तो देतात, फक्त भारतीय वापर असा शिक्का मारून. त्यामुळे सहकाऱ्याला, मुंबईच्या विक्रेत्याला, राज्य सरकारच्या एखाद्या खात्याला तुम्ही ‘प्रीपोन’ लिहिलंत तर त्यात लाजण्यासारखं काही नाही. ज्याने हा शब्द कधी पाहिलेलाच नाही अशा वाचकाला मात्र थांबून विचार करावा लागतो, किंवा त्याला ती ‘पोस्टपोन’ची टंकनचूक वाटू शकते. आणि टंकनचूक समजून त्याने वाचलं तर अर्थ बरोबर उलटा होतो. पोर्तुगीजमध्ये यासाठी ‘आन्तेसिपार’ हा रोजचा शब्द आहे. इंग्रजीत तसा एकशब्दी सोपा पर्याय रुळलेला नाही, म्हणूनच आपल्याकडे हा शब्द इतका सोयीचा ठरला.

मग साहेब सांगतात, ‘प्रीपोन नको, ब्रिंग फॉरवर्ड लिही’. ब्रिटिश इंग्रजीत ‘ब्रिंग फॉरवर्ड’ म्हणजे अलीकडे आणणे, आधी घेणे. सल्ला बरोबर आहे, पण मराठी माणसाच्या हातात तो धोकादायक आहे. मराठीत ‘मीटिंग पुढे ढकलली’ म्हणजे ती नंतर होणार. कोकणीतलं ‘फुडें’ही त्याच बाजूला बघतं. आपल्यासाठी ‘पुढे’ म्हणजे येणारा दिवस. शाळेपासून ‘फॉरवर्ड म्हणजे पुढे’ हे पाठ झालेलं असतं, त्यामुळे मीटिंग दोन दिवस पुढे ढकलायची असली की हात आपोआप ‘मूव्ह फॉरवर्ड’ लिहितो, आणि समोरचा ब्रिटिश माणूस ती दोन दिवस आधी आहे असं समजून तयारीला लागतो. ‘मागे’चंही तसंच. ‘पुश बॅक’ किंवा ‘पुट बॅक’ म्हणजे नंतर नेणे, पण मराठी कानाला ‘बॅक’ म्हणजे मागे, मागे म्हणजे गेलेले दिवस, म्हणजे आधी. दोन्ही शब्द आपल्या मनात उलट्या तोंडाने बसलेले आहेत.

आणि हा गोंधळ फक्त आपलाच नाही. लेरा बोरोडित्स्की आणि मायकेल रॅम्सकार यांनी २००२ साली छापलेल्या अभ्यासात इंग्रजी बोलणाऱ्या लोकांनाच विचारलं होतं: बुधवारची मीटिंग दोन दिवस ‘मूव्ह्ड फॉरवर्ड’ झाली, तर ती आता कोणत्या वारी? जवळपास निम्मे म्हणाले सोमवार, बाकीचे म्हणाले शुक्रवार. ज्यांची ती मातृभाषा आहे तेच जर चार दिवसांच्या अंतराने चुकतात, तर या शब्दांवर आपण का विसंबायचं? म्हणून परदेशी मेलमध्ये ‘प्रीपोन’ काढून ‘ब्रिंग फॉरवर्ड’, ‘मूव्ह अप’ किंवा ‘पुश बॅक’ यांपैकी काहीच घालू नका. दोन तारखा लिहा, जुनी आणि नवी. दिशा सांगणारा शब्दच नसला की दिशा चुकणार नाही.

आता एक मेल धरून हे सगळं लावून बघू. समजा, लिस्बनच्या ग्राहकाबरोबर बुधवार, २४ जून २०२६ रोजी लेबलाबद्दल ऑनलाइन मीटिंग ठरली आहे. त्या दिवशी सांजांव, तुमचे निम्मे लोक रजेवर. म्हणून ती सोमवारी, २२ तारखेला घ्यायची आहे. तीन दिवसांपूर्वी फोनवर आर्टवर्कबद्दल बोलणं झालं होतं. ग्राहकाकडून लेबलाची मंजूर फाइल आणि नव्या तारखेला होकार हवा आहे. सवयीच्या हाताने मेल साधारण अशी उतरते:

‘रिस्पेक्टेड सर, अ‍ॅज डिस्कस्ड अबाउट द आर्टवर्क बिफोर थ्री डेज, द मीटिंग ऑफ ट्वेंटीफोर्थ इज प्रीपोन्ड बाय टू डेज. वुई आर हॅविंग सम डाउट्स इन द लेबल. काइंडली डू द नीडफुल अँड रिव्हर्ट बॅक ऑन द सेम टिल एटीन्थ.’

तीनच वाक्यं आहेत, आणि वाचणाऱ्याला यातून नवी तारीख, वेळ, शंका आणि काम यांतलं काहीही थेट मिळत नाही. ‘टू डेज’वरून त्याने वजाबाकी करायची, तीही ‘प्रीपोन’ कळला तर.

‘डिस्कस्ड अबाउट’पासून सुरू करू. मराठीत आपण एखाद्या गोष्टी‘बद्दल’ चर्चा करतो, म्हणून ‘अबाउट’ येतो. पण इंग्रजी ‘डिस्कस’मध्ये तो ‘बद्दल’ आधीच आहे. नामाला मात्र तो लागतो: ‘अ डिस्कशन अबाउट द आर्टवर्क’ बरोबर, ‘डिस्कस अबाउट द आर्टवर्क’ चूक. हीच जोडी इतर ठिकाणीही चालते. ‘अ रिक्वेस्ट फॉर मोअर टाइम’ बरोबर, पण ‘वुई रिक्वेस्ट मोअर टाइम’, मध्ये ‘फॉर’ नाही. ‘अ‍ॅन ऑर्डर फॉर कार्टन्स’, पण ‘वुई ऑर्डर्ड कार्टन्स’. ‘अ‍ॅन एम्फसिस ऑन क्वालिटी’, पण ‘वुई एम्फसाइज क्वालिटी’. आपण नामाबरोबर ऐकलेलं शब्दयोगी क्रियापदालाही चिकटवतो, चूक इथे होते. सगळ्याच क्रियापदांना हा नियम लागू नाही, वरचं ‘रिप्लाय टू’ पाहिलंच आहे. पण या चौघांसाठी तो पक्का आहे, आणि कामाच्या मेलमध्ये हेच चौघे वारंवार येतात.

‘बिफोर थ्री डेज’ हे ‘तीन दिवसांपूर्वी’चं शब्दशः रूप. आजपासून मागे मोजायचं असेल तर ‘थ्री डेज अगो’. पण याही ठिकाणी तारीखच बरी, कारण मेल आज वाचली जाईल की परवा, हे तुम्हाला माहीत नसतं.

‘डाउट’ हा शब्द जरा नाजूक आहे. मराठी ‘शंका’ दोन कामं करते: न समजलेली गोष्ट विचारणे, आणि एखाद्यावर विश्वास नसणे. वर्गात ‘सर, एक शंका आहे’ म्हणतो तेव्हा पहिली. इंग्रजी ‘डाउट’ मुख्यतः दुसरी करतो. ‘वुई आर हॅविंग डाउट्स इन युअर लेबल’ वाचून ग्राहकाला वाटेल, आपल्या लेबलाच्या खरेपणावर यांचा संशय आहे. औषधाच्या धंद्यात हा फार जड आरोप होतो. तुम्हाला विचारायचं असेल तर ‘क्वेश्चन’. आणि ‘हॅविंग’ही नको, ‘वुई हॅव टू क्वेश्चन्स’ पुरे. ‘आहे’चं रूपांतर ‘हॅविंग’मध्ये करायची खोड आपल्याला ‘करतोय, बघतोय’च्या वजनावर लागली आहे. मालकी किंवा असणं सांगायचं तिथे साधं ‘हॅव’.

‘डू द नीडफुल’ ही जुनी ब्रिटिश लकब, त्यांच्याकडे मागे पडली, आपल्याकडे सरकारी पत्रव्यवहारातून टिकली. तिच्यात व्याकरणाची चूक नाही. अडचण एवढीच की ‘योग्य ती कार्यवाही’ कोणती, ते वाचणाऱ्याने ओळखायचं. ‘ऑन द सेम’ हे आपलं ‘सदर विषयी’. ‘सेम’ म्हणजे आर्टवर्क, मीटिंग की शंका? वस्तूचं नाव पुन्हा घ्या, पुनरुक्ती झाली तरी चालेल.

आता तीच मेल पुन्हा लिहू. पहिलं वाक्य बदलाचं, कारण ग्राहकाला आधी तेच कळायला हवं:

‘द मीटिंग प्लॅन्ड फॉर वेन्सडे, २४ जून, विल नाऊ टेक प्लेस ऑन मंडे, २२ जून, अ‍ॅट ३ पीएम इन गोवा, १०.३० एएम इन लिस्बन.’

वेळेचा हिशेब इथेच करून द्यायचा. पोर्तुगालमध्ये उन्हाळी वेळ चालू असताना आपण साडेचार तास पुढे असतो, हिवाळ्यात साडेपाच तास. जूनमध्ये दुपारचे ३ म्हणजे त्यांचे सकाळचे साडेदहा. नोव्हेंबरमध्ये हीच मीटिंग असती तर त्यांचे साडेनऊ वाजले असते. वार आणि तारीख दोन्ही लिहायचे, म्हणजे एकात चूक झाली तर दुसऱ्यावरून ती पकडली जाते. महिना नेहमी अक्षरात लिहा. युरोपला आकड्यांत दिवस आधी लिहिलेला कळतो, पण तीच मेल पुढे अमेरिकेच्या ऑफिसला गेली तर तिथे महिना आधी वाचतात. २२ हा महिना असू शकत नाही, म्हणून या खेपेला निभावेल. ५ किंवा ७ तारीख असती तर निभावलं नसतं.

दुसरं वाक्य प्रश्नांचं:

‘वुई हॅव टू क्वेश्चन्स अबाउट द लेबल.’

याखाली दोन प्रश्न, प्रत्येक आपल्या ओळीवर, क्रमांक घालून. उदाहरणार्थ, मुदतसमाप्तीची तारीख महिना आणि वर्ष एवढीच छापायची का, आणि बारकोड डाव्या पाखावर की मागच्या बाजूला. क्रमांक दिला की उत्तरही क्रमांकानेच येतं, आणि एखादं राहिलं तर लगेच दिसतं.

तिसरं वाक्य मागणीचं:

‘प्लीज सेंड द अप्रूव्ह्ड लेबल फाइल अँड कन्फर्म द न्यू डेट बाय ५ पीएम लिस्बन टाइम ऑन थर्सडे, १८ जून.’

इथे ‘रिव्हर्ट’ कुठेच आला नाही, आणि त्याची उणीवही भासत नाही, कारण ‘सेंड’ आणि ‘कन्फर्म’ यांनी त्याचं काम वाटून घेतलं. मुदतीला वेळही जोडली, आणि ती त्यांच्या घड्याळाची. ‘बाय १८ जून’ एवढंच लिहिलं तर दिवस कुठला संपल्यावर मुदत संपते, गोव्यातला की लिस्बनमधला, हा प्रश्न राहतो. सांजांवचं कारण हवं तर पहिल्या वाक्यानंतर एका छोट्या वाक्यात द्या. पोर्तुगालच्या माणसाला २४ जूनचा सांव जुआंव समजावून सांगावा लागत नाही. ‘रिस्पेक्टेड सर’ऐवजी ‘डिअर’ आणि आडनाव. ‘रिस्पेक्टेड’ हा ‘आदरणीय’चा अनुवाद आहे, भारताबाहेर तो मायन्यात वापरत नाहीत.

राहिला सवयीचा प्रश्न. आधी स्वतःच्या चुका मोजा, कारण कुठली किती खोल गेली आहे, याचा अंदाज आपला आपल्याला बहुतेक चुकतो. जीमेल असेल तर वरच्या शोधपट्टीत हे टाका:

```
in:sent {"revert back" "reply back" prepone preponed "discuss about" "the needful"}
```

महिरपी कंसात घातलेल्या शब्दांपैकी कुठलाही एक असलेली, तुम्ही पाठवलेली प्रत्येक मेल समोर येते. आउटलुकमध्ये Sent Items उघडून प्रत्येक शब्दप्रयोग अवतरणचिन्हांत वेगळा शोधा. एक काळजी घ्या: ग्राहकाने किंवा साहेबांनी लिहिलेला मजकूर तुमच्या उत्तराखाली जोडलेला असतो, तोही या शोधात येतो. म्हणून पहिल्या वीसेक मेल उघडून खरोखर तुमच्या हातचे किती, ते बघा. ‘टिल’ आणि ‘बिफोर’ या शोधात मुद्दाम घातलेले नाहीत, कारण ते पुष्कळदा बरोबरही असतात. ते डोळ्यांनीच वाचावे लागतात.

त्यानंतर जे एकदोन सगळ्यात जास्त निघतील, त्यांच्या वाटेत अडथळा उभा करा. संगणकावरच्या जुन्या धाटणीच्या आउटलुकमध्ये आपोआप दुरुस्तीची सोय आहे, तिची वाट अशी:

```
File > Options > Mail > Spelling and Autocorrect > AutoCorrect Options
Replace: revert back
With:    reply by ____
```

उजवीकडे नुसतं reply लिहू नका. रिकामी जागा ठेवली की मेल लिहिता लिहिता ती डोळ्यांत खुपते, आणि तिथे तारीख भरावीच लागते. म्हणजे ‘बॅक’ जातो आणि ‘टिल’ची चूकही त्याच झटक्यात जाते. prepone आणि preponed यांच्यासाठीही अशाच नोंदी करता येतात, उजव्या बाजूला planned for ____ will now be on ____ असं ठेवून. वाक्य थोडं वाकडं पडेल, ते हाताने सरळ करावं लागेल. त्याच वेळी आपण काय लिहीत होतो, ते लक्षात येतं. नुसता revert मात्र या यादीत टाकू नका. ‘जुन्या आवृत्तीकडे परत जाऊ’ असं खरोखर लिहायची वेळ पॅकेजिंगमध्ये येते, आणि तेव्हा ही सोय बरोबर शब्दाचा चुकीचा करून ठेवेल. discuss about लाही हा उपाय लावा, उजवीकडे discuss एवढंच.

फोनवरून लिहिलेल्या मेलला ही आउटलुकमधली नोंद लागू होत नाही, आणि घाईतल्या चुका तिथेच जास्त होतात. फोनच्या कीबोर्डची सुचवणीही तुमच्याच जुन्या सवयींतून शिकते. ‘रिव्हर्ट’ टाइप केलं की ‘बॅक’ ती स्वतःहून पुढे करते. बऱ्याच कीबोर्डांवर सुचवलेला शब्द दाबून धरला की तो सुचवण्यांतून काढायचा पर्याय येतो. तो एकदा वापरून घ्या. आणि मीटिंगची तारीख बदलणारी, बाहेरच्या देशात जाणारी मेल शक्यतो फोनवरून पाठवूच नका.

साहेबांच्या किंवा सहकाऱ्यांच्या मेलमध्ये ‘प्लीज रिव्हर्ट’ दिसलं तर ते तसंच राहू द्या आणि विचारलेलं उत्तर पाठवा. फक्त त्यांची मेल तुम्हाला ग्राहकाकडे पुढे पाठवायची असेल, तर वर आपल्या शब्दांत दोन ओळी घाला: काय हवं, आणि कोणत्या तारखेच्या, कोणत्या वेळेच्या आत.